साठ घरं, तीन स्तर: नमुना समान वाटायचा की प्रमाणात?

स्तरित नमुना निवड म्हणजे काय, हे पुस्तकात एका पानात उरकतं. समष्टीचे गट पाडा, प्रत्येक गटातून यादृच्छिक पद्धतीने काही घरं उचला, भार लावून उत्तर काढा. नवख्याची गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: कुठल्या गटातून किती उचलायची? मला हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण मनात उत्तर ठरवूनच आलेले असतात. काहींना ‘ज्याचे जास्त त्याला जास्त’ हेच न्याय्य वाटतं, काहींना ‘सगळ्यांना सारखं’. पण इथे न्यायाचा काही संबंध नाही. दोन्ही वाटपं बरोबर असू शकतात, आणि त्याच गावात, त्याच साठ घरांत, एका प्रश्नाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सरस ठरू शकतं. ते कसं ओळखायचं, हे एका उदाहरणातून शेवटपर्यंत करून बघू.

उदाहरण दूध संस्थेचं घेतो. आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण ज्याने संकलन केंद्रावर सकाळ काढली आहे त्याला ते परके वाटणार नाहीत. तीन-चार गावांची मिळून एक संस्था, १००० सभासद. संस्थेला पशुखाद्य घाऊक आणायचं आहे, म्हणून सगळ्या सभासदांकडे मिळून रोज किती किलो पशुखाद्य लागतं, हे हवं आहे. दुधाची नोंद संस्थेकडे असते, खाद्याची नसते. कुणी बाजारातून आणतो, कुणी घरीच भरडा करतो. म्हणजे घरोघर जाऊन विचारणं आलं. दोन पोरं आणि एक आठवडा हाताशी आहे, त्यात साठ घरं होतात.

आधी स्तर पाडा

सभासदांच्या यादीत प्रत्येकाच्या जनावरांची संख्या आहे, ती धरून तीन स्तर पाडले. एक-दोन जनावरंवाले लहान, तीन ते आठवाले मध्यम, त्यापुढचे मोठे गोठे. यादीतून कळलं ते पुढच्या तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात आहे. शेवटचे दोन रकाने हे सध्या आपले अंदाज आहेत. ते कुठून आले ते पुढे सांगतो.

| स्तर | सभासद | सरासरी (किलो/दिवस) | प्रमाण विचलन (किलो) |
|---|---|---|---|
| लहान | ७०० | ६ | ३ |
| मध्यम | २५० | २२ | ८ |
| मोठे | ५० | १०० | ४० |

प्रमाण विचलन म्हणजे त्या स्तरातली घरं आपापल्या सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरली आहेत, त्याचं माप. लहान सभासदांत हा पसारा ३ किलोंचा आहे: कुणी चार किलो घालतो, कुणी नऊ. मोठ्यांत तो ४० किलोंचा आहे; एकाकडे साठ किलो, दुसऱ्याकडे दोनशे. हा शेवटचा रकानाच सगळा खेळ ठरवणार आहे. सरासरीचा रकाना वाटप ठरवताना जवळजवळ लागतच नाही, आणि नवखा माणूस नेमका त्याच्याकडेच बघत बसतो.

दोन्ही वाटपं कागदावर मांडा

प्रमाणशीर वाटपात प्रत्येक स्तराला त्याच्या सभासदसंख्येइतका वाटा मिळतो. ७० टक्के सभासद लहान, म्हणून साठातली ४२ घरं लहान, मध्यम १५, मोठे फक्त ३. समान वाटपात सरळ भागाकार: २०, २०, २०.

पहिल्या नजरेला समान वाटप वेडेपणाचं वाटतं. सातशे सभासदांतून वीस आणि पन्नासांतूनही वीस? मोठ्यांचं पारडं जड होणार नाही का? नाही होणार, कारण उत्तर काढताना प्रत्येक स्तराच्या सरासरीला त्याच्या खऱ्या वाट्याचा भार लागतो: लहान ०.७०, मध्यम ०.२५, मोठे ०.०५. नमुन्यात कुणाला किती घरं मिळाली याचा उत्तराच्या झुकावावर परिणाम होत नाही, उत्तर किती हलतं यावर होतो. हे वाक्य गळी उतरलं की पुढचं सोपं आहे.

उत्तर किती हलतं त्याचं माप म्हणजे प्रमाण त्रुटी. तीच साठ घरांची पाहणी पुन्हा पुन्हा वेगवेगळी घरं निवडून केली, तर उत्तरं साधारण एवढ्या अंतराने मागेपुढे होतील. ती काढायची रीत अशी. प्रत्येक स्तरासाठी वाट्याचा वर्ग घ्या, त्याला प्रमाण विचलनाच्या वर्गाने गुणा, त्या स्तरातल्या नमुन्याच्या घरांनी भागा. मग स्तरातली किती घरं नमुन्याबाहेर राहिली त्या हिश्शाने गुणा, कारण पन्नासांतली वीस घरं बघून झाली तर अनिश्चितता फक्त उरलेल्या तिसांपुरती आहे. तिन्ही स्तरांची बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. हाताने दहा मिनिटांचं काम आहे. पुन्हा पुन्हा वाटपं बदलून बघायची असतील तर पायथॉनमध्ये एवढं पुरतं:

```python
N = [700, 250, 50]
S = [3, 8, 40]

def se(n):
    T = sum(N)
    v = sum((Nh/T)**2 * Sh**2/nh * (1 - nh/Nh)
            for Nh, Sh, nh in zip(N, S, n))
    return v**0.5

print(se([42, 15, 3]))
print(se([20, 20, 20]))
```

पहिल्या ओळीला येतात १.२७ किलो, दुसरीला ०.७२ किलो. खरी सरासरी आपल्या अंदाजांप्रमाणे १४.७ किलो आहे. स्तर न पाडता हजारांतून सरसकट साठ उचलले असते, तर प्रमाण त्रुटी २.८९ किलो आली असती. म्हणजे प्रमाणशीर वाटपानेही मोठा फायदा झाला, पण समान वाटपाने त्याच्याही पुढे मजल मारली.

किलोच्या अपूर्णांकांत याचं वजन कळत नाही, म्हणून पोत्यांत बघू. हजार सभासदांची रोजची गरज १४,७०० किलो, म्हणजे ५० किलोंची २९४ पोती. प्रमाण त्रुटीच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरायची पद्धत आहे. तसं धरलं तर सरसकट नमुन्याने उत्तर सुमारे ११६ पोती मागेपुढे होऊ शकतं, प्रमाणशीर वाटपाने ५१, समान वाटपाने २९. प्रमाणशीर वाटपानेच २९ पोत्यांपर्यंत यायचं ठरवलं तर साठाऐवजी १६५ घरं फिरावी लागतील. पोरांचा आठवडा वाढून जवळजवळ तीन होतात.

असं का झालं

प्रत्येक स्तर एकूण अनिश्चिततेत किती भर घालतो, ते वेगवेगळं बघा. प्रमाणशीर वाटपात मोठ्या गोठ्यांच्या वाट्याला तीन घरं आली, आणि पसारा तर सगळ्यांत मोठा तिथेच. एकूण अनिश्चिततेचा सुमारे ७८ टक्के भाग या एकट्या स्तरातून येतो. उलट लहान सभासदांची बेचाळीस घरं बघून झाली, पण ती सगळी एकमेकांसारखीच. विसाव्या घरानंतर पुढच्या बावीस घरांनी फारसं नवीन काही सांगितलं नाही. मी याला ‘चहा पिण्याची घरं’ म्हणतो. माणसं प्रेमाने बसवतात, माहिती मात्र तीच.

यातून दोन नियम निघतात आणि या लेखात लक्षात ठेवण्यासारखं मुख्य तेवढंच आहे. सगळ्या स्तरांत पसारा सारखा असेल, तर प्रमाणशीर वाटप सगळ्यांत सरस. आणि स्तराचा आकार गुणिले त्याचा पसारा हा गुणाकार सगळ्या स्तरांत सारखा असेल, तर समान वाटप सगळ्यांत सरस. आपल्या उदाहरणात हे गुणाकार करून बघा: ७०० × ३ = २१००, २५० × ८ = २०००, ५० × ४० = २०००. जवळपास सारखे. म्हणून समान वाटप इथे केवळ प्रमाणशीरपेक्षा बरं नाही, तर साठ घरांत जे सर्वोत्तम करता येईल त्याच्या अगदी जवळ आहे. (आकडे मीच निवडले आहेत, म्हणून ते इतके जुळले, हे कबूल.)

या गुणाकाराच्या प्रमाणात नमुना वाटणं याला नेमन वाटप म्हणतात. जर्झी नेमन यांनी ते १९३४ मध्ये मांडलं. रशियन संख्याशास्त्रज्ञ चुप्रोव्ह यांनी त्याआधी, १९२३ मध्येच, तीच गोष्ट काढली होती. समान आणि प्रमाणशीर ही त्याचीच दोन खास रूपं म्हणता येतील. मग थेट नेमन वाटपच का करू नये? जरूर करावं, पसाऱ्याचे आकडे भरवशाचे असतील तर. पण ते बहुतेकदा भरवशाचे नसतात. तेव्हा ‘आपण यांपैकी कुठल्या टोकाच्या जवळ आहोत’ एवढं कळलं तरी काम भागतं.

पसारा आधी कसा कळणार?

पाहणी व्हायच्या आधी पाहणीचंच उत्तर हवं, असा हा पेच दिसतो. त्यातून निघायचे तीन मार्ग मी वापरतो.

पहिला मार्ग म्हणजे जवळची दुसरी नोंद. खाद्याची नोंद नसली तरी दुधाची आहे, आणि जिथे दुधाचा पसारा मोठा तिथे खाद्याचाही मोठा असणार. तिन्ही स्तरांतल्या दुधाचं प्रमाण विचलन संस्थेच्या संगणकातून काढा. आपल्याला ३, ८, ४० हे आकडे नेमके नकोच आहेत, त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण हवं आहे.

दुसरा मार्ग छोटी आगाऊ पाहणी. प्रत्येक स्तरातली आठ-दहा घरं. या बाबतीत आपल्याकडच्या एका माणसाचं काम आठवतं. साताऱ्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला शिकत असताना त्यांनी हाच प्रश्न घेतला होता: पसारा खरा माहीत नसून छोट्या आगाऊ नमुन्यावरून अंदाजला, तर नेमन वाटपाचा फायदा उरतो का? १९३५ मध्ये त्यांनी दाखवलं की लहानशा आगाऊ नमुन्यावरूनही ते बहुतेक वेळा प्रमाणशीर वाटपापेक्षा सरस राहतं. त्यामुळे ‘आकडा नेमका नाही’ म्हणून प्रमाणशीरकडे पळायची गरज नाही.

तिसरा मार्ग डोकं वापरून करायचा आहे आणि मला तो सगळ्यांत आवडतो. खाद्य, दूध, उसाचं क्षेत्र, दुकानाची उलाढाल अशा गोष्टींत जिथे सरासरी मोठी तिथे पसाराही साधारण त्याच प्रमाणात मोठा असतो. तसं असेल तर ‘आकार गुणिले पसारा’ याच्या जागी ‘आकार गुणिले सरासरी’ चालतं, आणि तो म्हणजे त्या स्तराचा एकूण वाटा. आपल्याकडे लहान सभासद मिळून रोज ४२०० किलो खाद्य वापरतात, मध्यम ५५००, मोठे ५०००. एकूण मालाचे तीन वाटे जवळपास सारखे आहेत, म्हणजे समान वाटप चालेल. सचिवाला एवढंच विचारायचं: ‘रोजच्या दुधात या तीन गटांचा वाटा साधारण किती किती?’ प्रमाण विचलन हा शब्द न ऐकलेला सचिवही हे तोंडपाठ सांगतो.

अंदाज चुकला तर किती बिघडेल, हेही बघून ठेवा. मोठ्या गोठ्यांचा पसारा ४० नसून २० निघाला, तर प्रमाणशीरची प्रमाण त्रुटी ०.८१ आणि समानची ०.६५. तो १० च निघाला तर ०.६५ विरुद्ध ०.६४, म्हणजे फरक संपला. म्हणजे अंदाज चार पट चुकला तरी समान वाटपाने नुकसान होत नाही. पण हे या प्रश्नापुरतं, खाद्यापुरतं.

आता तोच गाव, दुसरा प्रश्न

समजा त्याच फेरीत संस्थेने आणखी एक प्रश्न घातला: जनावरांचा विमा उतरवला आहे का? उत्तर हो किंवा नाही. लहानांत ४० टक्के, मध्यमांत ५० आणि मोठ्यांत ६० टक्के ‘हो’ म्हणतील असं धरू.

हो-नाहीच्या प्रश्नात पसारा टक्केवारीवरूनच ठरतो: ‘हो’चा हिस्सा गुणिले ‘नाही’चा हिस्सा, त्याचं वर्गमूळ. लहानांत ०.४ × ०.६, म्हणजे ०.२४; मध्यमांत ०.२५, मोठ्यांत पुन्हा ०.२४. वर्गमूळं काढली की ०.४९, ०.५० आणि ०.४९. तिन्ही स्तरांत पसारा जवळपास एकच. गोठा मोठा म्हणून ‘हो’ मोठा होत नाही. मग पहिला नियम लागू: प्रमाणशीर सरस.

आकडे तेच सांगतात. प्रमाणशीर वाटपात प्रमाण त्रुटी ६.२ टक्के अंक, समान वाटपात ८.०. सातशे घरांचं मत आता फक्त वीस घरांवर तोललं जातंय, आणि मोठ्या स्तरातली सतरा जादा घरं एकूण उत्तरात पाच टक्के वाट्यापलीकडे काही मदत करू शकत नाहीत. नेमकं सांगायचं तर समान वाटपाची साठ घरं इथे प्रमाणशीरच्या छत्तीस घरांइतकीच कामाची आहेत. चोवीस घरांची पायपीट वाया.

टक्केवारी ३० ते ७० च्या दरम्यान असली की पसारा फारसा बदलत नाही, त्यामुळे हो-नाहीच्या बहुतेक प्रश्नांना प्रमाणशीर वाटप निर्धास्तपणे चालतं. अपवाद दुर्मीळ गोष्टींचा. एखादं महाग यंत्र लहानांत हजारात एकाकडे आणि मोठ्यांत निम्म्यांकडे असेल, तर पसारे खूप वेगळे होतात, आणि हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

आणखी एक परिस्थिती आहे जिथे एकूण उत्तराला महत्त्वच नसतं. संस्थेला ‘मोठ्या गोठ्यांची गरज वेगळी किती?’ हे हवं असेल किंवा गटांची आपसात तुलना करायची असेल, तर प्रत्येक स्तराला स्वतःचं भरवशाचं उत्तर लागतं. तीन घरांवरून मोठ्यांची सरासरी काढली तर प्रमाण त्रुटी २२ किलो, वीस घरांवरून ७ किलो. शंभराच्या सरासरीवर २२ म्हणजे काहीच न सांगण्यासारखं. तिथे प्रमाणशीर वाटपाचा विचारही करू नका.

दोन्ही प्रश्न एकाच फॉर्मवर असतील तर

आणि ते नेहमीच असतात. एका प्रश्नासाठी कुणी घरोघर फिरत नाही. मग मधला रस्ता काढायचा. मी वरच्या कोडमध्ये आकडे घालून बघतो. ३०, १८, १२ असं वाटप केलं तर खाद्याची प्रमाण त्रुटी ०.७७ किलो येते (समानमध्ये ०.७२ होती) आणि विम्याची ६.८ टक्के अंक (प्रमाणशीरमध्ये ६.२ होती). दोन्हीकडे थोडं सोडलं, कुठेच फार गमावलं नाही. सर्वोत्तम वाटपाच्या आसपास प्रमाण त्रुटी सपाट असते, थोडं सरकल्याने ती फारशी वाढत नाही. म्हणून असे मधले रस्ते इतके स्वस्तात मिळतात. प्रश्न पंधरा असतील तर पंधराही तपासत बसू नका. ज्या एक-दोन उत्तरांवर पैसा खर्च होणार आहे, त्यांच्यावर वाटप ठरवा.

वाटप ठरलं, आता निवड

प्रत्येक स्तराची वेगळी यादी करा, सभासदांना क्रमांक द्या, आणि यादृच्छिक आकड्यांनी घरं उचला. संकलन केंद्रावर सकाळी जो समोर येईल त्याला विचारून साठ पूर्ण करायचा मोह होतो. मग वाटप कितीही शहाणपणाने केलेलं असो, वरचं एकही सूत्र लागू होत नाही. मोठ्या स्तरात आणखी एक अडचण येते. समान वाटपाने वीस मागितले आणि स्तरात पंधराच असले, तर पंधराही घ्या आणि उरलेले पाच बाकीच्यांत वाटा. तसा सगळाच्या सगळा घेतलेला स्तर अनिश्चिततेत शून्य भर घालतो. प्रमाणशीर वाटपात याच्या उलटं होतं: एखाद्या स्तराच्या वाट्याला एकच घर येतं, आणि एका घरावरून पसारा काढता येत नाही. कमीत कमी दोन हवीतच, मी पाचाखाली जात नाही.

उत्तर काढताना होणारी चूक

समान वाटपाची सगळ्यांत महागडी चूक कागदावर होते. साठ फॉर्म एक्सेलमध्ये भरले जातात, कुणीतरी रकान्याच्या तळाशी `=AVERAGE()` लिहितो आणि आकडा अहवालात जातो. आपल्या उदाहरणात तो आकडा ४२.७ किलो येईल, खऱ्या १४.७ च्या जवळजवळ तिप्पट. संस्थेने तेवढी पोती उतरवून घेतली तर गोदामाचं दार लागणार नाही. मी पहिल्या नोकरीत नेमकं हेच केलं होतं. चूक पकडली ती टेबलावर बसलेल्या कुणी नाही, एका शेतकऱ्याने. तो आकडा ऐकून हसला आणि म्हणाला, ‘एवढं खाद्य खायला आमच्याकडं हत्ती आहेत का?’

म्हणून फॉर्म भरतानाच एक भाराचा रकाना ठेवा: स्तरातले एकूण सभासद भागिले नमुन्यातली घरं. समान वाटपात लहान घराचा भार ३५, मध्यमचा १२.५, मोठ्याचा २.५. प्रत्येक उत्तराला भाराने गुणून बेरीज केली की थेट एकूण खाद्य मिळतं. भारांची बेरीज १००० आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी घर गळलंय. प्रमाणशीर वाटपात सगळ्यांचा भार एकच, १६.६७, म्हणून तिथे साधी सरासरी चालून जाते आणि लोकांना ती म्हणूनच सोयीची वाटते. पण तीनपैकी एक मोठा गोठेवाला लग्नाला गेला आणि भेटला नाही, तर तिथेही भार बदलला. तेव्हा भाराचा रकाना दोन्हीकडे हवा.

दुसरी चूक सूक्ष्म आहे आणि ती प्रमाणशीर वाटपाला जास्त छळते. पाहणीनंतर प्रमाण त्रुटी काढताना पसारा नमुन्यातूनच घ्यावा लागतो. मोठ्यांची तीन घरं, आणि समजा ती निघाली ७०, ८५ आणि ९५ किलोंची. त्यांचं प्रमाण विचलन येतं फक्त १२.६, खऱ्या ४० च्या जागी. हे सूत्रात घातलं की प्रमाण त्रुटी दिसते ०.६९ किलो. समान वाटपापेक्षाही चांगली! खरी मात्र १.२७ आहे. दोनशे किलोवाला गोठा निवडीत आलाच नाही, एवढंच घडलं. म्हणजे कमी घरांचा स्तर उत्तर तर डळमळीत करतोच, वर डळमळ लपवतोही. अहवालात प्रमाण त्रुटी वाचताना शेजारी प्रत्येक स्तरातली घरं किती ते बघायची सवय लावा; जिथे पसारा मोठा असायला हवा तिथे तीन-चारच घरं दिसली, तर त्या छोट्या त्रुटीवर विश्वास ठेवू नका.

यादीत लहान, गोठा मोठा

समान वाटपालाही एक दुखणं आहे, आणि ते जुन्या याद्यांतून येतं. यादी दोन वर्षांपूर्वीची. त्यात दोन म्हशी असलेला सभासद निवडला, लहान स्तरातून. घरी गेलात तर पत्र्याचा नवा गोठा, वीस गाई, रोजचं ८० किलो खाद्य. हे घर ३५ भाराने मोजलं जाणार, आणि सरासरी एकट्याने सुमारे २.६ किलोंनी वर ढकलणार. प्रमाणशीर वाटपात तोच भार १६.६७ असता, ढकल १.२ किलोची.

इथे हात शिवशिवतात: याला मोठ्या स्तरात टाकून देऊ, भार २.५ लावू. तसं करू नका. तो ज्या यादीतून, ज्या शक्यतेने निवडला गेला, त्याचाच भार त्याला लागतो. यादीत त्याच्यासारखे आणखीही असतील, जे तुम्हाला भेटले नाहीत, त्यांच्या वतीने तो बोलतोय. स्तर बदलला की ती सगळी घरं हिशोबातून गायब होतात आणि उत्तर कायमचं खाली झुकतं. फॉर्मवर त्याची नोंद मात्र ठेवा. वीसांत असा एक निघाला तर तो तसाच ठेवून, अहवालात त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय अशी दोन्ही उत्तरं दाखवा. तीन-चार निघाले तर पसारा ३ किलो हा अंदाजच मोडला. तेव्हा यादी ताजी करून स्तर नव्याने पाडावेत. तेवढा वेळ नसेल तर लहान स्तराला घरं वाढवावीत आणि तीही त्याच यादीतून, त्याच यादृच्छिक क्रमाने पुढे जात.